दुसऱ्या दिवशीचा दगा

१८७३ साल. रशियन साम्राज्यातल्या दोर्पात गावी, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या तार्तूमध्ये, एर्न्स्ट फॉन बेर्गमान शस्त्रक्रियेचे प्राध्यापक होते. त्यांच्याकडे छपरावरून पडलेला एक चाळिशीच्या आतला माणूस आणला गेला. मांडीच्या हाडाचा गुडघ्याकडचा भाग पार चुरडला होता. दुखणे मोठे होते, पण माणूस शुद्धीवर होता आणि श्वासही ठीक चालला होता. दोन दिवस असेच गेले. साधारण साठ तासांनी मात्र त्याला धाप लागली, ओठ निळे पडले, शुद्ध हरपली आणि तो दगावला.

असे मृत्यू त्या काळात नवे नव्हते. हाड मोडलेला माणूस दोन-तीन दिवसांनी अचानक जातो, हे प्रत्येक शल्यचिकित्सकाने पाहिले होते. कुणी त्याला धक्का म्हणे, कुणी न्यूमोनिया, तर कुणी दारू सुटल्यामुळे आलेला भ्रम. बेर्गमान यांनी रुग्ण जिवंत असतानाच वेगळे निदान केले. हाडातली चरबी रक्तात शिरून फुप्फुसात अडकली आहे, असे त्यांनी ओळखले. याला कारण होते. दहा वर्षांपूर्वी, १८६३ च्या सुमारास, त्यांनी मांजरांच्या शिरेत तेल टोचून काय होते ते पाहिले होते. ती धाप आणि ती तगमग त्यांनी आधी प्राण्यांत पाहिली होती, म्हणून माणसात ती ओळखता आली. फॅट एम्बोलिझम सिंड्रोमचे जिवंत माणसात झालेले हे पहिले निदान मानले जाते.

चरबी फुप्फुसात सापडल्याची पहिली नोंद त्याच्याही आधीची आहे. १८६१ च्या सुमारास ड्रेस्डेनमध्ये फ्रीडरिश आल्बर्ट फॉन त्सेंकर यांनी एका रेल्वे कामगाराचे शवविच्छेदन केले. छाती-पोट चिरडून तो मेला होता. त्याच्या फुप्फुसातल्या केशवाहिन्यांत त्यांना तेलाचे थेंब दिसले. ते कुठून आले याचे बरोबर उत्तर त्सेंकर यांना सापडले नाही. चारेक वर्षांत एर्न्स्ट वाग्नर यांनी त्याचा संबंध मोडलेल्या हाडांशी जोडला. मांडीचे हाड किंवा नडगी वरून कठीण असते, पण मोठ्या माणसात तिच्या पोकळीत पिवळी मज्जा भरलेली असते आणि ती बहुतांशी चरबीच असते, थंडीत थिजलेल्या तुपासारखी. हाड तुटले की ही चरबी मोकळी होते. पोकळीतल्या बारीक शिरा हाडाच्या भिंतीला चिकटलेल्या असल्यामुळे फाटल्या तरी मिटत नाहीत, उघड्याच राहतात. आत रक्त साचून दाब वाढतो आणि चरबीचे थेंब त्या उघड्या तोंडांतून आत ढकलले जातात. तिथून हृदयाची उजवी बाजू आणि मग फुप्फुसे.

इथे एक कोडे उरते, आणि या आजाराचा पुढचा सगळा इतिहास त्या कोड्याभोवती फिरतो. चरबी हाड मोडताच निघते, तर माणूस लगेच का बिघडत नाही? मधला एक दिवस तो हसतो-बोलतो, जेवतो, नातेवाइकांना ओळखतो. बहुतेक रुग्णांत त्रास चोवीस ते बहात्तर तासांत सुरू होतो. पहिल्या बारा तासांत तो क्वचितच दिसतो.

१९२४ मध्ये गाउस यांनी वर सांगितलेली यांत्रिक बाजू मांडली: मोकळी चरबी, फाटलेली शीर आणि आत ढकलणारा दाब. १९२७ मध्ये लेहमन आणि मूर यांनी रासायनिक बाजू पुढे आणली. आज दोन्ही एकत्र घेतल्या की कोडे बरेचसे सुटते. फुप्फुसात अडकलेल्या थेंबांनी पहिल्या काही तासांत फारसे बिघडत नाही, कारण फुप्फुसाच्या जाळ्यात मोकळ्या वाटा पुष्कळ असतात. मग शरीरातले लायपेज हे विकर त्या चरबीचे तुकडे करू लागते. त्यातून सुटी मेदाम्ले बाहेर पडतात आणि ती केशवाहिन्यांच्या आतल्या नाजूक अस्तराला जाळतात. अस्तर गळू लागते, पाणी हवेच्या पिशव्यांत उतरते आणि रक्तातला ऑक्सिजन घसरतो. अडवणूक पहिल्या दिवशी होते, जळणे दुसऱ्या दिवशी. म्हणून पहिल्या दिवसाच्या शांततेवर विसंबू नये.

काही थेंब फुप्फुस ओलांडून मेंदूपर्यंतही जातात. एक तर ते इतके बारीक असतात की केशवाहिनीतून निसटतात, नाही तर हृदयाच्या दोन वरच्या कप्प्यांमधल्या जन्मापासून न मिटलेल्या फटीतून पलीकडे पोचतात. अशी फट साधारण चार माणसांत एकाला असते आणि बहुतेकांना ती असल्याचे आयुष्यभर कळत नाही.

पहिल्या महायुद्धात हाडांच्या जखमा हजारोंनी आल्या. मांडीचे हाड मोडलेला सैनिक पाय लोंबकळत ठेवून खडबडीत रस्त्याने आणला की तो मरण्याची शक्यता फार असे. तोच पाय टॉमस स्प्लिंटमध्ये ताणून बांधून आणला की मृत्यू झपाट्याने कमी झाले. याचे श्रेय मुख्यतः रक्तस्राव आणि धक्का कमी होण्याला आहे, पण तुटलेली टोके हलत राहिली की मज्जा पुन्हा पुन्हा पिळली जाते हेही खरे. मराठवाड्यात आजही मोडलेली, सुजलेली मांडी तेल लावून चोळली जाते, ओढून ‘बसवली’ जाते आणि मग रुग्णाला जीपच्या मागच्या सीटवर दुमडून शहरात आणले जाते. हे बंद व्हायला हवे असे मला ठामपणे वाटते, कारण या आजाराच्या दृष्टीने त्यापेक्षा वाईट काही करता येत नाही.

पुढचे वळण १९४० चे. गेऱ्हार्ड क्युन्चर यांनी जर्मनीत मांडीच्या हाडाच्या पोकळीतून लांब धातूची खीळ ठोकण्याची पद्धत मांडली. आपल्याकडे तिला सरळ ‘रॉड टाकणे’ म्हणतात. तिच्याविरुद्ध एक मोठी भीती हीच होती, की पोकळीत खीळ ठोकल्यावर चरबी आणखी रक्तात जाईल. भीती निराधार नव्हती. पोकळी कोरताना आतला दाब वाढतो आणि हृदयात चरबीचे लोट शिरताना आज अल्ट्रासाउंडवर प्रत्यक्ष दिसतात. त्यामुळे कितीतरी वर्षे उलटा सल्ला चालला: रुग्ण ‘स्थिर’ होऊ द्या, आठ-दहा दिवस वजन लावून पाय ताणून ठेवा, मग शस्त्रक्रिया करा. आपल्या सरकारी वॉर्डांत दोरीच्या टोकाला विटा टांगलेल्या खाटा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा काळ आठवेल.

बर्मिंगहॅमच्या अपघात रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ सायमन सेविट यांनी अपघातात मेलेल्यांची फुप्फुसे बारकाईने तपासली आणि १९६२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. या शवविच्छेदनांतून स्पष्ट झालेली गोष्ट डॉक्टरांनाही सहज पचणारी नव्हती. लांब हाड मोडलेल्या बहुतेक सगळ्यांच्या फुप्फुसात थोडीफार चरबी असतेच. म्हणजे चरबी रक्तात जाणे वेगळे आणि त्यातून आजार होणे वेगळे. आजार होतो तो थोड्यांना. एकच हाड मोडले असेल तर शंभरात एखाद-दोघांना, दोन्ही मांड्या मोडल्या असतील तर बऱ्याच अधिकांना. तरुण पुरुषांत तो जास्त दिसतो, कारण वेगाच्या अपघातात हाडे मोडणारे तेच असतात. लहान मुलांच्या मज्जेत चरबी कमी असते, म्हणून त्यांच्यात तो विरळा.

चरबी सगळ्यांतच सापडत असेल, तर प्रयोगशाळेच्या तपासणीवरून निदान कसे करायचे? या प्रश्नावर बेलफास्टच्या ए. आर. गर्ड यांनी १९७० मध्ये आणि पुढे आर. आय. विल्सन यांच्यासोबत १९७४ मध्ये जे लिहिले, ते आजही वॉर्डात वापरले जाते. त्यांनी रुग्णाच्या खाटेशी दिसणाऱ्या खुणांचे दोन गट केले. मोठ्या खुणा तीन: श्वास बिघडून ऑक्सिजन घसरणे, डोक्याला मार नसताना भान बिघडणे आणि त्वचेवर बारीक लाल ठिपके. लहान खुणांत जलद नाडी, ताप, डोळ्याच्या पडद्यावरचे बदल, कावीळ, लघवी कमी होणे, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट एकाएकी उतरणे अशा गोष्टी येतात. दोन मोठ्या, किंवा एक मोठी आणि चार लहान खुणा असल्या की आजार धरायचा. रक्तातले चरबीचे गोळे शोधण्याची चाचणीही गर्ड यांनी यादीत घातली होती, पण आजार न झालेल्या जखमींतही ते सापडत असल्याने पुढे तिच्यावरचा भरवसा गेला.

त्या ठिपक्यांबद्दल थोडे थांबून सांगतो. ते टाचणीच्या टोकाएवढे असतात आणि दाबले तरी जात नाहीत. काखेत, मानेच्या पुढच्या बाजूला, छातीच्या वरच्या भागात आणि डोळ्याच्या खालच्या पापणीच्या आतल्या लाल पडद्यावर ते येतात. पाठीवर सहसा येत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमटतात आणि काही वेळा दिवसभरातच विरतात. अर्ध्याहून कमी रुग्णांत ते सापडतात, पण सापडले की शंका फारशी उरत नाही. पुस्तकांतली छायाचित्रे बहुधा गोऱ्या कातडीची असतात. आपल्या सावळ्या कातडीवर छातीवरचे ठिपके नजरेतून सुटतात. म्हणून खालची पापणी ओढून आणि तोंड उघडून टाळू पाहणे आपल्याकडे जास्त उपयोगाचे आहे. त्याला टॉर्च पुरते.

१९८३ मध्ये शॉनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी गुणांची पद्धत दिली. ठिपक्यांना पाच गुण, एक्स-रेवर दोन्ही फुप्फुसांत पसरलेल्या पांढऱ्या डागांना चार, रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब सत्तर मिलिमीटरच्या खाली गेला तर तीन आणि ताप, जलद नाडी, जलद श्वास, भ्रम यांना प्रत्येकी एक. बेरीज पाच झाली की निदान. १९८७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत लिंडेक यांनी फक्त श्वासावर आधारलेले निकष मांडले. ते जागरूक ठेवतात, पण फासळ्या मोडलेला किंवा फुप्फुसाला मार लागलेला कुणीही त्यांत बसू शकतो.

आता हे सगळे एका माणसावर लावून पाहू. हा रुग्ण कल्पिलेला आहे, पण त्याच्यासारखे कितीतरी जण आपल्या रुग्णालयांत येतात. समजा, औरंगपुऱ्यात दुकानात काम करणारा चोवीस वर्षांचा मुलगा शनिवारी रात्री पैठण रस्त्याने घरी जाताना दुचाकीवरून पडला. उजव्या मांडीचे हाड मधोमध मोडले. डोक्याला मार नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ, ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव टक्के. स्प्लिंट बांधली, सलाईन लावले. रविवारी तो आईशी बोलला, डबा खाल्ला. रॉड सोमवारी टाकायचा ठरला.

सोमवारी पहाटे, अपघाताला बत्तीस तास झाले असताना, आई नर्सला सांगते, ‘‘सिस्टर, हा मला दुसऱ्याच नावानं हाक मारतोय.’’ नर्स बोटाला यंत्र लावते, तर ऑक्सिजन ८४ टक्के. नाडी १२८, श्वास मिनिटाला ३४, ताप ३८.८ अंश सेल्सिअस. ऑक्सिजन लावण्याआधी घेतलेल्या रक्तात त्याचा दाब ५२ मिलिमीटर भरतो. सकाळच्या रक्तात हिमोग्लोबिन साडेबारावरून साडेआठ, प्लेटलेट सव्वादोन लाखांवरून नव्वद हजार. डोक्याचा सी.टी. स्वच्छ. पहाटेचा छातीचा एक्स-रे जवळजवळ स्वच्छ, आणि इथेच नवखा डॉक्टर फसतो, कारण एक्स-रे रुग्णाच्या मागे काही तास असतो. दुपारी तो पांढुरका होतो. संध्याकाळी खालच्या पापणीत आणि काखेत ठिपके दिसतात.

गर्ड यांच्या मापाने पहाटेच दोन मोठ्या खुणा झाल्या, श्वास आणि भान, म्हणजे निदान तिथेच झाले. सकाळच्या अहवालाने चार लहान खुणाही जमल्या: नाडी, ताप, हिमोग्लोबिन, प्लेटलेट. शॉनफेल्ड यांच्या मापाने पहाटेची बेरीज तीन, एक, एक, एक आणि एक, म्हणजे सात. ठिपक्यांची वाट पाहायची गरजच नव्हती. अर्थात निकष पुरे झाले म्हणून बाकीचे सोडायचे नसते. रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली असेल का, ते रंगद्रव्य देऊन केलेल्या सी.टी.ने पाहावे लागते. पायात होणारी गुठळी सहसा काही दिवसांनी फुप्फुसात जाते, इतक्या लवकर नाही. पण ‘सहसा’वर विसंबता येत नाही. मेंदूचा एम.आर.आय. केला तर काळ्या पार्श्वभूमीवर विखुरलेले पांढरे ठिपके दिसतात. रेडिओलॉजिस्ट त्याला तारांगणाची उपमा देतात.

आता उपचार. चरबी विरघळवण्यासाठी गेल्या शतकात पुष्कळ खटपटी झाल्या. लायपेजला आवर घालावा म्हणून शिरेतून अल्कोहोल दिले. रक्तातली चरबी स्वच्छ करावी म्हणून हेपरिन दिले, पण हेपरिन लायपेजला उलट चेतवते आणि जखमी माणसात रक्तस्राव वाढवते. डेक्स्ट्रान दिले. यातले काहीही टिकले नाही. स्टेरॉइडचा प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही. शॉनफेल्ड यांच्याच चाचणीत ज्यांना आधीपासून मिथाइलप्रेडनिसोलोन दिले, त्या एकवीस जणांत एकालाही आजार झाला नाही, आणि न दिलेल्या एक्केचाळीस जणांत नऊ जणांना झाला. आकडे मोहात पाडणारे आहेत. पण एकूण मृत्यू कमी होतात असे नंतरही सिद्ध झाले नाही आणि जखम चिघळण्याचा धोका राहतो, म्हणून बहुतेक ठिकाणी ते नेमाने दिले जात नाही. आजार सुरू झाल्यावर स्टेरॉइडचा उपयोग होतो असे म्हणायला आधार नाही.

मग हातात उरते ते आधार देणे, आणि ते नीट केले तर पुरेसे ठरते. आपल्या मुलाला आधी मास्कने ऑक्सिजन, तेवढ्याने न भागल्यास घट्ट मास्कमधून दाबाने हवा. त्याचे भान हरपत असल्याने मास्क टिकत नाही, म्हणून नळी घालून व्हेंटिलेटर. त्यात प्रत्येक श्वास लहान ठेवतात, उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनाच्या किलोमागे सहा मिलिलिटर, आणि श्वास सोडल्यावरही फुप्फुसात थोडा दाब राखतात, म्हणजे हवेच्या पिशव्या मिटत नाहीत. सलाईन हिशोबाने: रक्तदाब पडू द्यायचा नाही, पण गळक्या फुप्फुसात पाणीही भरायचे नाही. हिमोग्लोबिन जास्त खाली गेले तर रक्त. भानाची दर तासाला नोंद, कारण मेंदूला सूज चढू शकते. फुप्फुस स्वतःच चरबी साफ करते. आपण फक्त त्याला वेळ मिळवून देतो. पाच-सहा दिवसांत बहुतेकांची नळी निघते. भान येण्यास कधी आठवडे लागतात, पण खोल बेशुद्धीत गेलेले तरुणही चांगले परततात. चांगल्या अतिदक्षता विभागात यात मृत्यू शंभरांमागे दहाच्या आतबाहेर राहतो.

राहिला मोडलेला पाय. इथे इतिहासाने चाळीस वर्षांचा सल्ला उलटवला. हेलसिंकीत रिस्का आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात दाखवले, की अनेक हाडे मोडलेल्यांची हाडे लवकर पक्की बसवली तर हा आजार कमी होतो. १९८९ मध्ये अमेरिकेत बोन आणि सहकाऱ्यांनी मांडीचे हाड मोडलेल्या १७८ रुग्णांत काहींना चोवीस तासांत रॉड टाकला, काहींना अठ्ठेचाळीस तासांनंतर. अनेक जखमा असलेल्यांमध्ये उशीर झालेल्यांची फुप्फुसे जास्त बिघडली. रॉड टाकताना थोडी चरबी जाते हे खरे, पण हलणारे हाड दिवसेंदिवस पाझरत राहते, ते जास्त महागात पडते. रुग्ण आधीच धक्क्यात असेल किंवा छाती चिरडली असेल, तर घाईने रॉड टाकणेही धोक्याचे. तेव्हा बाहेरून सळ्यांची चौकट लावून हाड स्थिर करतात आणि रॉड काही दिवसांनी टाकतात. आपल्या मुलाचे फुप्फुस आता जळत आहे, म्हणून त्यालाही चौकटच लागेल. रविवारीच रॉड पडला असता, तर आजार टळण्याची शक्यता जास्त होती.

घरच्यांसाठी एवढेच सांगतो. मांडी किंवा नडगी मोडली असेल तर पाय सरळ फळीला किंवा दुसऱ्या पायाला बांधल्याशिवाय माणूस उचलू नका, आणि कुणालाही ती चोळू देऊ नका. ऑपरेशन कधी, हे पहिल्याच दिवशी विचारा, आणि चोवीस तासांच्या आत का नाही, हेही विचारा. पहिले तीन दिवस बोटावरच्या यंत्राचा आकडा दर दोन-तीन तासांनी बघायला सांगा. तो ९४ च्या खाली आला, किंवा रुग्ण असंबद्ध बोलू लागला, उगाच चिडू लागला, तर ‘औषधाची गुंगी असेल’ म्हणून थांबू नका. पहाटेचे चार वाजले असले तरी डॉक्टरांना बोलवा.